एसीच्या घरघरीत माइक कुठला घ्यावा?

आखातातल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन आठवड्यांनी एक प्रश्न हमखास येतो. कुणाला मराठी शाळेचे धडे रेकॉर्ड करून ठेवायचे असतात, कुणाला पॉडकास्ट सुरू करायचा असतो, तर कुणाचे वडील तीन महिन्यांसाठी इकडे आलेले असतात आणि त्यांच्याकडून काही बोलून घ्यायचं असतं. प्रश्न एकच, ‘यूएसबी माइक घ्यायचाय, कंडेन्सर घेऊ की डायनॅमिक?’ उत्तरही पाच मिनिटांत येतं आणि तेही ठरलेलंच. ‘खोलीत आवाज असेल तर डायनॅमिक घ्या. कंडेन्सर सगळं ओढून घेतो, डायनॅमिक फक्त तुमचा आवाज घेतो.’

हे उत्तर निम्मं खरं आहे. म्हणूनच त्याच्या भरवशावर पैसे खर्च करून लोक पुन्हा तिथेच येतात, ‘डायनॅमिक घेतला, तरी एसी ऐकू येतोच आहे, काय करू?’ असं विचारत. माझं मत असं आहे, की गोंगाटाच्या खोलीत माइकच्या जातीपेक्षा माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर कितीतरी जास्त महत्त्वाचं असतं. डायनॅमिक जिंकतो तो तोंडाजवळ धरता येतो म्हणून. जवळ धरायचा नसेल, तर तो घेण्यात काहीच अर्थ नाही.

आधी हे दोन माइक म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो. डायनॅमिक माइकमध्ये एक पातळ पडदा असतो आणि त्याला तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी चिकटवलेली असते. ती गुंडाळी लोहचुंबकाच्या फटीत असते. आवाजाने पडदा हलला की गुंडाळी हलते आणि तिच्यात वीज तयार होते. स्पीकरचाच हा उलटा खेळ. कंडेन्सरमध्ये गुंडाळी नसते. एक अतिशय हलका पडदा आणि त्याच्या मागे अगदी जवळ एक धातूची चकती, या दोघांमध्ये विद्युतभार असतो. पडदा हलला की त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि त्या बदलाचा सिग्नल होतो. या माइकला आत छोटं सर्किट आणि वीज लागतेच. यूएसबी माइकला ती कॉम्प्युटरच्या वायरमधूनच मिळते.

गुंडाळीचं ओझं नसल्यामुळे कंडेन्सरचा पडदा चटकन हलतो. म्हणून त्यात ‘स’, ‘श’, ‘च’ असे वरच्या पट्टीतले बारीक आवाज जास्त स्पष्ट येतात आणि सिग्नलही बराच मोठा मिळतो. १९६६ पासून गायकांच्या हातात दिसणारा शुअर कंपनीचा एसएम५८ हा डायनॅमिक माइक आणि घरगुती स्टुडिओत दिसणारा एखादा नेहमीचा कंडेन्सर यांची तुलना केली, तर एकाच आवाजाला कंडेन्सर साधारण १७ डेसिबल मोठा सिग्नल देतो. ‘कंडेन्सर सगळं ओढतो’ ही समजूत इथूनच आली.

पण तो जे वाढवतो ते सगळंच वाढवतो. माइकला माणूस आणि एसी यांतला फरक कळत नाही. पाणी घातलेलं दूध पळीने काढा नाहीतर चमच्याने, त्यातलं पाण्याचं प्रमाण तेच राहतं. कंडेन्सर म्हणजे मोठी पळी आणि डायनॅमिक म्हणजे चमचा. डायनॅमिकमधून एसी मंद ऐकू येतो, पण आपला आवाजही तितकाच मंद येतो. मग आपण गेनचं बटण फिरवून आपला आवाज ऐकू येईल इतका वाढवतो आणि त्याच्याबरोबर एसीही वर येतो. यूट्यूबवरच्या बऱ्याच तुलनांमध्ये दोन्ही माइक एकाच गेनवर ठेवून ‘बघा, हा किती शांत आहे’ असं दाखवतात. बोलणाऱ्याचा आवाज दोन्हीत सारखा करून घेतल्याशिवाय त्या तुलनेला काही किंमत नाही.

दुसरी समजूत दिशेबद्दलची. डायनॅमिक फक्त समोरचं ऐकतो, असं लोक म्हणतात. कुठल्या दिशेने किती ऐकायचं, हे माइक कंडेन्सर आहे की डायनॅमिक यावरून ठरत नाही. ते त्याच्या ‘पॅटर्न’वरून ठरतं. बोलण्यासाठी वापरले जाणारे बहुतेक माइक, दोन्ही जातींतले, ‘कार्डिऑइड’ म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पॅटर्नचे असतात. ते समोरून जास्त ऐकतात, बाजूने थोडं कमी आणि पाठीमागून सर्वांत कमी. खोलीत सगळीकडून येणाऱ्या घरघरीपैकी कार्डिऑइड साधारण पाच डेसिबल कमी करतो, मग तो कुठल्याही जातीचा असो. ब्लू यतीसारख्या काही यूएसबी कंडेन्सरवर चार पॅटर्नचं बटण असतं. ते चुकून गोल चिन्हावर राहिलं, तर माइक चारी बाजूंनी सारखंच ऐकतो. घरी असा माइक असेल, तर आधी बटण हृदयाच्या चिन्हावर आहे ना ते बघा. शिवाय त्या माइकमध्ये बाजूने बोलायचं असतं, वरच्या टोकात नाही.

मग प्रमाण बदलतं कशाने? अंतराने. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आपला आवाज माइकपाशी सहा डेसिबलने वाढतो. एसीची घरघर मात्र भिंती, फरशी, छत यांवर आपटून सगळ्या खोलीत पसरलेली असते. माइक अर्धा हात पुढे आला म्हणून ती वाढत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी अंतर निम्मं करताना सहा डेसिबलचा फायदा होतो. साठ सेंटिमीटरवरून तीसवर, तीसवरून पंधरावर आणि पंधरावरून साडेसातवर आलो, की अठरा डेसिबल पदरात पडतात.

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षात किती उतरतं, ते गेल्या जुलैमध्ये शारजात एका मित्राच्या घरी बघायला मिळालं. त्याचे वडील साताऱ्याकडच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवत होते. आता निवृत्त आहेत आणि दोन महिन्यांसाठी इकडे आले होते. इथल्या मराठी मुलांसाठी त्यांची वीस-वीस मिनिटांची बारा व्याख्यानं रेकॉर्ड करायची ठरली. ऑगस्टच्या शेवटी त्यांचं परतीचं तिकीट होतं आणि या वयात पुढच्या वर्षी पुन्हा येणं होईल की नाही, याची घरात कुणालाच खात्री नव्हती. म्हणजे ‘नंतर पुन्हा करू’ हा पर्याय नव्हता.

बाहेर ४४ अंश. एसी बंद केला तर दहा मिनिटांत घाम फुटतो, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला तसं बसवून बोलायला लावणं बरोबरही नाही. फ्लॅट नेहमीसारखाच, टाइल्सची फरशी, उघड्या भिंती, खाली रस्ता. मित्राने चांगला यूएसबी कंडेन्सर आणला होता आणि तो सोबत आलेल्या छोट्या स्टँडवर जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. काका खुर्चीत आरामात मागे रेलून बसायचे. मी टेप लावून मोजलं, तोंडापासून माइक ५५ सेंटिमीटर. एसी काकांच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे माइकचं तोंड काकांकडे होतं तसंच एसीकडेही होतं.

पहिलं रेकॉर्डिंग भारतात पाठवलं, तेव्हा काकूंचा फोन आला. ‘अरे, ह्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय? आणि मागे गिरणी चालू आहे का?’

आम्ही माइक बदलण्याआधी मोजायचं ठरवलं. त्यासाठी ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पुरतो. बोलण्याआधी दहा सेकंद गप्प बसायचं, मग अर्धा मिनिट नेहमीच्या आवाजात बोलायचं. त्यानंतर `Analyze` मेनूतलं `Contrast...` उघडायचं. बोलण्याचा सलग तुकडा निवडून `Foreground` पुढचं `Measure selection` दाबायचं, मग शांततेचा तुकडा निवडून `Background` पुढचं `Measure selection` दाबायचं. खाली `Difference` म्हणून जो आकडा येतो, तो बोलणं आणि घरघर यांच्यातला फरक. वेबवरचा मजकूर सगळ्यांना, विशेषतः कमी ऐकू येणाऱ्यांना वापरता यावा म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांतला एक असा, की मागचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबलने खाली असावा. ऐकायला तो साधारण चौपट मंद वाटतो. ऑडॅसिटी याच निकषावर ‘पास’ किंवा ‘नापास’ सांगते. आपले बहुतेक श्रोते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणारे आजी-आजोबा असतात, तेव्हा हा निकष आपण गंभीरपणे घ्यायलाच हवा.

काकांच्या पहिल्या मांडणीत फरक आला १३ डेसिबल. नापास.

मग तोच कंडेन्सर चार जाडजूड पुस्तकांवर ठेवला, खाली एक घडी घातलेली गोधडी घातली आणि तो काकांच्या तोंडापासून १५ सेंटिमीटरवर आणला. माइक तोच, खोली तीच, एसी तोच. फरक २४ डेसिबल. त्यानंतर टेबल फिरवलं. काकांचं तोंड एसीकडे आणि माइकची पाठ एसीकडे, अशी बैठक केली. एसीची पाती वर केली, म्हणजे वारा थेट माइकवर येणार नाही. आणखी तीन डेसिबल मिळाले, फरक २७. इथपर्यंत एक दिरहमही खर्च झाला नव्हता.

आता माझ्याकडचा यूएसबी डायनॅमिक त्याच जागी, त्याच १५ सेंटिमीटरवर लावला आणि काकांचा आवाज आधीइतकाच येईल एवढा गेन वाढवला. फरक आला २६. एका डेसिबलचं पुढेमागे तर काका थोडं मोठ्याने किंवा हळू बोलले तरी होतं. म्हणजे अंतर सारखं ठेवलं, तर दोन्ही माइक सारखेच. त्या दिवशी मित्राला हे पटायला जड गेलं, पण आकडा समोर होता.

मग डायनॅमिक तसाच पुढे सरकवून ६ सेंटिमीटरवर आणला, म्हणजे जेमतेम चार बोटं. फरक ३४. पाच-दहा सेकंद घरघर शोधावी लागली, इतकी ती मागे गेली. खोलीचा घुमाराही गेला. विहिरीतून आवाज येतो तो एसीमुळे नाही, टाइल्स आणि भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजामुळे. माइक जवळ आला की थेट आवाजापुढे तो परतीचा आवाजही दबतो.

इथे कुणी विचारेल, की मग कंडेन्सरच ६ सेंटिमीटरवर का नाही आणायचा? आणून बघितला. घरघरीच्या हिशोबात तोही डायनॅमिकइतकाच मागे गेला. पण ऐकवेना. आपल्या भाषेत प, फ, ब, भ भरपूर. ‘फौज’, ‘भोसले’, ‘प्रतापगड’ म्हणताना तोंडातून हवेचा जो फटका येतो, तो जवळच्या उघड्या पडद्यावर ‘धप्प’ असा बसतो. ओठ सुटल्याचा चटकारा, दातांच्या कवळीचा बारीक आवाज, श्वास, सगळं स्वच्छ ऐकू येतं, कारण ते स्वच्छ ऐकणं हेच त्या माइकचं कौशल्य आहे. शिवाय इतक्या जवळून काका जोरात ‘हर हर महादेव’ म्हणाले, की लेव्हल लाल रेघेच्या पार. बोलण्याचे बहुतेक डायनॅमिक माइक मात्र जवळून बोलण्यासाठीच बनवलेले असतात. जाळीच्या आत फोमचा थर असतो, पडदा जरा आत असतो आणि सिग्नल लहान असल्यामुळे मोठा आवाज त्यांना सोसतो. माइक जवळ आला की आवाजाचा खर्ज वाढतो, तोही बऱ्याच डायनॅमिकमध्ये हिशोबात धरलेला असतो. डायनॅमिकचा खरा फायदा हा आहे, चार बोटांवरून बोललं तरी तो ऐकवतो.

हे शहाणपण नवं नाही. मैदानाच्या गोंगाटात बसून समालोचन करणाऱ्यांसाठी बीबीसीने फार पूर्वी एक खास माइक विकसित केला. त्याला वरच्या बाजूला एक छोटी दांडी असते, ती वरच्या ओठाला टेकवूनच बोलायचं. तो डायनॅमिकचाच भाऊबंद आहे, फक्त गुंडाळीऐवजी त्यात धातूची पातळ पट्टी असते. त्यातली खरी हुशारी त्या दांडीत आहे. समालोचक कितीही उत्साहात आला, तरी अंतर बदलू शकत नाही. हजारोंचा आरडाओरडा मागे राहतो, तो याच कारणाने.

आणि नेमकं इथेच घरगुती डायनॅमिक दगा देतो. माणूस हलतो. काकांनी तीस वर्षं वर्गात उभं राहून, फळ्याकडे वळून, बाकांमधून फिरून शिकवलेलं. माइकसमोर चार बोटांवर तोंड ठेवून वीस मिनिटं बसायचं म्हणजे शिक्षाच. पहिली पाच मिनिटं ठीक गेली. मग अफजलखानाच्या भेटीचा प्रसंग आला, काका रंगात आले, मागे सरकले, हात फिरवत खिडकीकडे बघून बोलू लागले. मित्र खुणा करतोय, ‘बाबा, पुढे या,’ आणि ते म्हणतात, ‘अरे थांब रे, वाघनखं बाहेर येऊ देत.’

तोंड ६ सेंटिमीटरवरून २४ वर गेलं, की बारा डेसिबल गेले. कंडेन्सर लांब असताना आवाज निदान सगळीकडून सारखा वाईट येत होता. इथे तो एका वाक्यात कानाशी आणि पुढच्या वाक्यात शेजारच्या खोलीत. नंतर कॉम्प्युटरवर लेव्हल सारखी केली, तर मागे सरकलेल्या वाक्यांबरोबर एसी उसळून वर येतो. ऐकणाऱ्याला ती येरझार सतत चालणाऱ्या घरघरीपेक्षा जास्त त्रास देते. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये वाक्यागणिक घरघर कमी-जास्त होत असेल, तर आधी बोलणारा किती हलतो आहे ते बघा. तो स्थिर असेल, तर रेकॉर्डिंग किंवा मीटिंगच्या प्रोग्रॅममधलं आपोआप लेव्हल वाढवण्याचं सेटिंग चालू आहे का ते तपासा. तेही प्रत्येक विरामात एसीला वर उचलतं.

काकांसाठी आम्ही शेवटी तिसराच मार्ग घेतला. कॉलरला लावायचा छोटा माइक, सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी, हनुवटीपासून एक वीत खाली. गंमत म्हणजे हा चिमुकला माइक जातीने कंडेन्सरच, आणि बहुतेक वेळा चारी बाजूंनी ऐकणारा. ग्रुपवरच्या नियमाप्रमाणे तो गोंगाटाच्या खोलीत सगळ्यांत वाईट ठरायला हवा. पण तो माणसाबरोबर फिरतो, अंतर बदलत नाही. फरक आला २२ ते २३ डेसिबल. डायनॅमिकच्या ३४ पेक्षा बराच कमी, पण पहिल्या मिनिटापासून विसाव्या मिनिटापर्यंत जवळजवळ सारखा. काका उभे राहिले, फिरले, वाघनखं बाहेर आली. बाराच्या बारा व्याख्यानं ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्ण झाली.

तेव्हा माझी शिफारस माइकपेक्षा माणसावर अवलंबून आहे. एका जागी बसून, कागदावरचं बघून किंवा मुद्दे समोर ठेवून बोलणारा माणूस असेल आणि तो चार बोटांचं अंतर पाळायला तयार असेल, तर यूएसबी डायनॅमिक घ्या. सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स यांसारख्या माइकना यूएसबी आणि नेहमीची तीन पिनांची, म्हणजे एक्सएलआर जोडणी, दोन्ही असतात आणि हेडफोन लावायची सोयही असते. शुअर एमव्ही७ याच प्रकारातला, जरा वरच्या दर्जाचा. नुसत्या एक्सएलआर जोडणीचा नावाजलेला डायनॅमिक घेण्याआधी मात्र थांबा. त्याचा सिग्नल इतका लहान असतो, की स्वस्त इंटरफेसवर गेन टोकापर्यंत चढवावा लागतो आणि एसीच्या ‘घर्र’च्या जागी इलेक्ट्रॉनिक ‘सूंऽऽ’ येतं.

डायनॅमिकबरोबर टेबलाला पकडणारा, तोंडापर्यंत येणारा आर्म घ्याच. मी तर म्हणेन, पैसे एवढेच असतील तर माइक साधा घ्या, पण आर्म घ्या. टेबलावरच्या बुटक्या स्टँडवर ठेवलेला डायनॅमिक म्हणजे दोन्ही जगांतलं वाईट. लांब असल्यामुळे घरघर तेवढीच, गेन वाढवल्यामुळे ‘सूंऽऽ’ वेगळं, आणि टेबलाला हात लागला की ‘ठक्क’. माइक थेट तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, थोडा तिरका धरा. म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ ची हवा त्याच्या बाजूने निघून जाते. पुढे गोल जाळीचा पॉप फिल्टर लावला, तर तो त्या ओठाला टेकणाऱ्या दांडीचंही काम करतो. नाक जाळीपाशी, एवढंच बोलणाऱ्याला सांगायचं.

उभं राहून शिकवणारा, फिरणारा, हातवारे करणारा माणूस असेल, लहान मूल असेल किंवा माइक बघूनच बिचकणारी आजी असेल, तर कॉलरचा माइक. आजीच्या पदराच्या घडीत तो लपतो आणि दोन मिनिटांत ती विसरूनही जाते. फक्त साडीची किंवा शालीची कड त्याच्यावर घासत नाही ना, हे आधी हेडफोन लावून ऐका.

यूएसबी कंडेन्सरला मी नावं ठेवत नाही. शांत खोलीत, पडदे-गालिचे असलेल्या जागी, किंवा कुणी हार्मोनियम वाजवत असेल तेव्हा त्याच्यासारखा आवाज साध्या डायनॅमिकमधून येत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये ज्यांना हिटर वीस मिनिटं बंद ठेवता येतो, त्यांनी तो बंद करून खुशाल कंडेन्सर वापरावा. आधीच घरात असेल तर विकायची घाईही नको. पुस्तकांवर चढवून, पॉप फिल्टर लावून, एक वितीपेक्षा थोडा कमी अंतरावर आणलात, तर २० च्या वर जायला तो पुरेसा आहे. काकांच्या बाबतीत तो २७ पर्यंत गेलाच होता.

‘सॉफ्टवेअरने नंतर काढू की घरघर’ असं म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. एसीसारखा एकसुरी आवाज थोडा कमी करता येतो, सात-आठ डेसिबलपर्यंत कानाला खटकत नाही. पण १३ डेसिबलच्या रेकॉर्डिंगमधून तो पूर्ण पुसायला गेलात, तर त्याच्याबरोबर ‘स’, ‘ह’, ‘फ’ यांचे कडे-कोपरेही पुसले जातात, आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. आधीच कमी ऐकू येणाऱ्या माणसाला शब्द ओळखायला नेमके हेच आवाज लागतात.

भारतातून कुणी येणार असेल आणि तुम्ही त्यांना माइक आणायला सांगणार असाल, किंवा इकडून कुणाला भेट देणार असाल, तर मॉडेलचं नाव विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. बोलणारा माणूस बसून बोलतो की फिरून, आणि माइक त्याच्या तोंडापर्यंत नेणारी काही सोय आहे का. मग घरी एसी चालू ठेवून अर्ध्या मिनिटाची चाचणी करा आणि `Difference` चा आकडा बघा. २० च्या खाली असेल, तर नवीन माइक शोधण्याआधी असलेला माइक पुढे सरकवा.